दादा, मला रडूबाई म्हणू नकोस

काही चिडवायची नावं अशी असतात की ती नको म्हणायला तोंड उघडलं की तीच खरी ठरतात. ज्याला सगळे चिडका म्हणतात तो म्हणाला की मला चिडका म्हणू नका, की लगेच चार जण एकमेकांना टाळ्या देतात, बघा चिडला. जिला घाबरट म्हणतात ती गप्प बसली तर घाबरली, आणि बोलली तर आज कशी काय हिंमत आली म्हणून पुन्हा तेच. मला घरात सगळे रडूबाई म्हणायचे आणि या नावाचा तर हा प्रॉब्लेम सगळ्यात जास्त, कारण मला ते आवडत नाही हे सांगताना माझा आवाज जरासुद्धा हलला की विषय संपलाच. म्हणून हे जरा डिटेलमध्ये लिहितेय. नाव आवडत नसेल तर स्पष्ट सांगून टाक असं सगळे सांगतात, पण स्पष्ट म्हणजे नेमकं काय, कुणाला, कधी, आणि सांगितल्यानंतर पुढे काय काय होतं हे कुणी सांगत नाही, आणि माझ्या मते खरी मेहनत त्या 'नंतर'मध्येच आहे.

नाव पाडलं माझ्या मामेभावाने. तो माझ्यापेक्षा मोठा, मी त्याला दादाच म्हणते, आणि आमचं लहानपणापासून चांगलं जमतं. तेव्हा मला ते नाव खटकत नव्हतं. हे मुद्दाम सांगतेय, कारण आता नको म्हटलं की लोकांना वाटतं म्हणजे ही इतकी वर्षं आतल्या आत कुढत होती, आम्हाला फसवत होती. तसं काही नव्हतं. लांबून "ए रडूबाई" अशी हाक आली की मला कळायचं दादा आला, आणि मी पळत जायचे. त्या हाकेत लाड होते आणि मला ते कळत होते. एखादी गोष्ट तेव्हा आवडायची आणि आता आवडत नाही, ही दोन्ही वाक्यं एकाच माणसाच्या बाबतीत खरी असू शकतात आणि त्यासाठी कुणी खोटं बोललेलं असायची गरज नाही.

मग बदललं काय? नाव तेच राहिलं पण त्याचा उपयोग बदलला. आजीच्या ऑपरेशननंतर रात्री हॉस्पिटलमध्ये कोण थांबणार यावर आम्ही सगळे बसून बोलत होतो. मला सलग रात्री जमणार नव्हत्या, मला सकाळी कामावर जायचं होतं, म्हणून मी म्हटलं की एकाआड एक रात्र मी थांबते आणि मधल्या रात्री दुसरं कुणीतरी घ्या. एवढंच. आवाज चढवला नव्हता, तक्रार नव्हती, एक प्लॅन सांगितला होता. दादा हसून म्हणाला, "झालं, रडूबाई सुरू!" आणि सगळे हसले, मामी हसल्या, मीसुद्धा सवयीने हसले, आणि त्या हसण्यात विषय पुढे सरकला. सगळ्या रात्री माझ्याकडे आल्या. कुणी ठरवून दिल्या नाहीत हं, माझं म्हणणं टेबलावरून कधी खाली पडलं ते कुणाला कळलंच नाही. दादालाही नाही.

त्या रात्री हॉस्पिटलच्या बाकावर बसून मी मागचं आठवत गेले तेव्हा लक्षात आलं की हे पहिल्यांदा झालेलं नाही. कुठल्याही गोष्टीला मी नाही म्हटलं, शंका काढली, पैशाचा हिशोब विचारला, की ते नाव यायचं. मी हो म्हणायचे तेव्हा यायचं नाही. एखादं टोपणनाव आता नुसतं खटकतंय की खरंच थांबवायला हवं हे ओळखायची माझी खूण तेव्हापासून हीच आहे, की ते नाव कधी येतं ते बघायचं. हाक मारताना, मिठी मारताना, वाढदिवसाच्या मेसेजमध्ये येत असेल तर ते नाव आहे. तुम्ही काहीतरी बोलताय आणि तुमच्या वाक्याला उत्तर म्हणून ते येतंय, तर ते नाव राहिलेलं नाही, ते तुमचं बोलणं बंद करायचं बटण झालंय. आणि ते बटण दाबणाऱ्याला ते दाबल्याचं कळतच नसेल अशी शक्यता खूप जास्त असते.

हे मी दादाची बाजू घेण्यासाठी म्हणत नाहीये, यावर खरंच संशोधन झालंय. जस्टिन क्रूगर आणि त्याच्या सहकाऱ्यांचा चिडवण्यावरचा एक पेपर २००६ साली 'जर्नल ऑफ पर्सनॅलिटी अँड सोशल सायकॉलॉजी'मध्ये आला होता. त्याचा गाभा असा, की चिडवणाऱ्याला स्वतःचा हेतू माहीत असतो, की मी प्रेमाने म्हणतोय, आणि तो हेतू समोरच्यालाही दिसतोय असं तो धरून चालतो. समोरच्याला मात्र हेतू दिसत नाही, त्याला फक्त शब्द ऐकू येतात आणि बाकीच्यांचं हसणं दिसतं. त्यामुळे एकच चेष्टा दोघांच्या आठवणीत दोन वेगळ्या गोष्टी म्हणून राहते. मला हे वाचून फार बरं वाटलं होतं, कारण तोपर्यंत माझ्या डोक्यात दोनच पर्याय होते, एकतर दादा दुष्ट आहे नाहीतर मी हळवी आहे, आणि दोन्ही खरे वाटत नव्हते.

याच विषयावर डॅकर केल्टनर आणि सहकाऱ्यांचं १९९८ सालचं अजून एक काम आहे. त्यांनी कॉलेजातल्या मुलांच्या एका क्लबमधल्या सीनियर-ज्युनियर पोरांना एकमेकांसाठी टोपणनावं बनवायला लावली आणि बघितलं की कोण कुणाला कसं चिडवतं. वरच्या जागेवरची मुलं खालच्यांना जास्त टोचून चिडवत होती आणि खालची मुलं वरच्यांना जपून, गोड करून. आमच्या घरात कुणाला कुठलं नाव पडलंय ते एकदा आठवून बघितलं तर दादाचं टोपणनाव 'बॉस' आहे, तेवढं सांगितलं तरी पुरे.

आता मुद्द्याचं. सांगायचं ठरवल्यावर पहिला प्रश्न कुणाला सांगायचं. आमच्याकडे ते नाव वापरणारे दहा-बारा जण तरी होते आणि माझी पहिली इच्छा होती की फॅमिली ग्रुपवर एक मेसेज टाकावा आणि एकदाचं मोकळं व्हावं. नाही टाकला, आणि आजही कुणी विचारलं तर मी नको म्हणेन. ग्रुपवर टाकलं की पहिलं उत्तर देणारा माणूस बाकीच्यांचा सूर ठरवतो, आणि चेष्टेच्या बाबतीत पहिलं उत्तर नव्वद टक्के वेळा हसण्याचा इमोजी असतं. त्यानंतर ज्याला खरंच सॉरी म्हणायचं होतं तोही हसतो. शिवाय चारचौघांत सांगितलं की नाव ज्याने पाडलं त्याला स्वतःची बाजू सावरावी लागते, तो ऐकत नाही, तो आपला चेहरा वाचवतो. म्हणून एकट्याला गाठायचं, आणि त्यालाच गाठायचं ज्याच्यामुळे ते नाव जिवंत आहे. नाव पाडणारा आणि नाव जिवंत ठेवणारा दर वेळी एकच नसतो बरं का, एका मैत्रिणीच्या ग्रुपमध्ये नाव पाडणारी केव्हाच विसरून गेली होती आणि दुसराच एक जण प्रत्येक नवीन माणसाला ते नाव सांगायचा, तर तिथे बोलायचं त्याच्याशी. आमच्याकडे दोन्ही दादाच होता. तो थांबला की बाकीचे निम्मे आपोआप थांबतील असा माझा अंदाज होता.

दुसरं, कधी. त्याने नाव घेतल्या घेतल्या नाही. तेव्हा आपण तापलेले असतो, तो हसण्याच्या मूडमध्ये असतो, आणि सगळं बोलणं त्या एका प्रसंगावर अडकतं, की मी तसं म्हणालोच नाही, मी वेगळ्या अर्थाने म्हणालो. दोन-चार दिवस जाऊ द्यायचे, पण महिने नाही, नाहीतर मनात फाईल तयार होते आणि आपण बोलायला बसतो तेव्हा पहिल्या पानापासून वाचायला लागतो. आणि शक्य असेल तर समोरासमोर बसून बोलण्यापेक्षा शेजारी-शेजारी असताना बोलावं, चालताना, गाडीत, भांडी आवरताना. एकमेकांच्या डोळ्यांत बघायची सक्ती नसली की दोघांनाही सोपं जातं, आणि मला तर ते हवंच होतं कारण माझे डोळे कधी भरतील याचा नेम नाही.

तिसरं म्हणजे वाक्य. मी आधी मोठं भाषण तयार केलं होतं, लहानपणापासूनचं सगळं, आजीच्या वेळचं, माझ्या मनावर काय परिणाम झाला वगैरे, आणि मोठ्याने म्हणून बघितलं तर लक्षात आलं की यातल्या प्रत्येक वाक्यावर दादा वाद घालू शकतो. तेव्हा असं नव्हतं, ते मी नव्हतो म्हणालो, परिणाम कसला, तू तर एवढी शिकलीस. कारणं जितकी जास्त द्याल तितकी समोरच्याला खोडायला जागा. मग मी एक एक वाक्य काढत गेले आणि शेवटी एवढंच राहिलं: "दादा, मला रडूबाई म्हणायचं बंद कर. मला ते आता आवडत नाही. नावाने हाक मार, नाहीतर छोटी म्हण, ते मला चालतं."

यात तीन गोष्टी मी मुद्दाम ठेवल्या होत्या. एक म्हणजे नाव उच्चारलं. "तू मला चिडवू नकोस" असं म्हटलं असतं तर नेमकं काय बंद करायचं ते कळत नाही आणि समोरचा म्हणतो आता मी बोलूच नको का तुझ्याशी. दुसरं, 'आता' हा शब्द. त्याने जुन्या वर्षांचा हिशोब बंद होतो, मी त्याला मागच्या कशासाठी गुन्हेगार धरत नाहीये, पुढचं मागतेय. आणि तिसरं, बदली नाव दिलं. हे लोक विसरतात. जे नाव जिभेवर बसलंय ते नुसतं काढून घेतलं तर हाक मारताना तिथे खड्डा पडतो आणि जीभ परत जुन्याच शब्दावर जाते. दुसरा शब्द हाताशी असला की सवय बदलणं जमतं. आणि प्रेमाचं नाव काढून घेतोय असंही वाटत नाही, कारण 'छोटी'मध्येही लाड आहेतच.

आता प्रत्यक्षात काय झालं ते. आम्ही दोघं आजीला घरी सोडून गाडीतून परत येत होतो, तो चालवत होता. मी वाक्य म्हटलं. तो पहिल्यांदा हसला, अगदी अपेक्षेप्रमाणे, आणि म्हणाला, "अगं गंमत असते ती."

मी म्हटलं, "हो, गंमत असते मला माहितीये. तरी बंद कर."

इथे थांबून सांगते की 'गंमत असते' याला उत्तर म्हणून 'नाही, गंमत नसते' असं कधीही म्हणू नये. तसं म्हटलं की चर्चा त्याच्या मनात काय आहे यावर जाते, आणि त्याच्या मनातलं त्याला आपल्यापेक्षा जास्त माहीत असणार, आपण हरणारच. त्याचा हेतू मान्य करून टाकायचा आणि मागणी तशीच ठेवायची.

मग तो म्हणाला, "तू कधीपासून एवढं मनावर घ्यायला लागलीस? इतकी वर्षं तर हसायचीस."

"हसायचे. आता नाही आवडत."

"पण झालं काय ते तर सांग."

आणि हा सगळ्यात अवघड क्षण होता, कारण त्याने खरंच विचारलं होतं, चिडवण्यासाठी नाही. मी त्याला फक्त एक गोष्ट सांगितली. आजीच्या रात्रींबद्दल मी एकाआड एक म्हटलं होतं आणि त्यावर तू काय म्हणालास आणि पुढे काय झालं. एकच प्रसंग, तोही अलीकडचा, ज्यात तो स्वतः होता आणि बाकीचे साक्षीला होते. त्यावर मत दिलं नाही. तो बराच वेळ काही बोलला नाही आणि मला वाटलं जमलं, तर म्हणाला, "म्हणजे आता तुझ्याशी जपून बोलायचं, तोलून-मापून."

तेव्हा माझे डोळे भरले. झालंच. आणि मला माहीत होतं की हे होणार, म्हणून याच्यासाठी एक वाक्य आधीच ठरवून ठेवलं होतं, ते मी म्हटलं: "माझे डोळे भरलेत, तरी मी तेच म्हणतेय. बाकी काहीही बोल, भांड, चेष्टा कर, हे एक नाव नको." रडू येणं आणि बोलणं या दोन्ही गोष्टी एकाच वेळी होऊ शकतात, आवाज कापत असतानाही वाक्याचा अर्थ तोच राहतो, हे त्याला दाखवायचं होतं आणि खरं सांगायचं तर मला स्वतःलाही. ज्यांना माझ्यासारखं पटकन भरून येतं त्यांना एवढंच सांगेन की डोळे कोरडे राहण्याची वाट बघत बसू नका, तो दिवस येत नाही. भरल्या डोळ्यांचं काय करायचं याचं वाक्य आधी तयार ठेवा.

दादा म्हणाला, "बरं. नाही म्हणणार." नंतर आम्ही रस्ता, ट्रॅफिक असं काहीतरी बोललो. सॉरी म्हणाला नाही. मला सॉरी हवंही नव्हतं, निदान मी मागितलं नव्हतं, आणि मागणी एकच ठेवली की ती मिळायची शक्यता वाढते असं माझं मत आहे.

आणि इथून पुढे खरी गोष्ट सुरू होते. पुढच्याच भेटीत त्याने दारातूनच हाक मारली, "ए रडू... अगं छोटी." मध्येच थांबला. मी फक्त "आले" म्हटलं. ही चूक नाहीये, ही जुनी सवय आहे, आणि अर्ध्यात थांबणं म्हणजे त्याच्या डोक्यात आपलं म्हणणं पोहोचलंय याचा सगळ्यात चांगला पुरावा. अशा वेळी "बघ परत म्हणालास" असं केलं तर तो पुढच्या वेळी प्रयत्न सोडतो. काही जण उलट टोकाला जातात, चुकून नाव आलं की दोन मिनिटं सॉरी सॉरी चालतं आणि मग आपल्यालाच त्यांची समजूत काढत बसावं लागतं. तिथेही तेच, "ठीके, छोटी म्हण" आणि पुढचा विषय.

चुकून येणं आणि मुद्दाम येणं यातला फरक मला आता बऱ्यापैकी ओळखता येतो. चुकून येतं तेव्हा माणूस घाईत असतो, हाक मारत असतो, आणि नाव आल्यावर स्वतःच अडखळतो. मुद्दाम येतं तेव्हा आजूबाजूला माणसं असतात, नाव घेण्याआधी बारीक थांबणं असतं, आणि नाव घेतल्यावर तो तुमच्याकडे बघतो, तुम्ही काय करता ते. दादाने हे केलं. एका घरच्या कार्यक्रमात सगळे जमलेले असताना म्हणाला, "आता हिला ते नाव म्हणायचं नाही बरं का, मॅडमना आवडत नाही," आणि मग एक पॉझ घेऊन, "काय गं, रडूबाई?" सगळे हसले. नेहमीपेक्षा जास्त.

मला माहीत होतं की असं काहीतरी होऊ शकतं. वर्तनाच्या अभ्यासात ही गोष्ट नीट नोंदवलेली आहे, की एखाद्या वागण्याला इतके दिवस जे बक्षीस मिळायचं ते मिळेनासं झालं की ते वागणं अनेकदा लगेच कमी होत नाही, आधी काही काळ वाढतं, जोरात येतं, आणि मग ओसरतं. चेष्टेचं बक्षीस म्हणजे हसणं, आणि त्या बक्षिसातला माझा वाटा मी बंद केला होता. अशा वेळी सगळ्यात वाईट काय, तर कधी हसायचं आणि कधी चिडायचं. दहातल्या एका वेळी जरी मी हसले तरी त्या एका वेळेच्या आशेवर उरलेले नऊ प्रयत्न होतात, अधूनमधून मिळणारं बक्षीस सवय जास्त पक्की करतं. म्हणून मी हसले नाही, रागावलेही नाही, त्याच्याकडे बघितलं आणि अगदी साध्या आवाजात म्हटलं, "दादा, मी सांगितलंय तुला." आणि शेजारी बसलेल्या वहिनींकडे वळून जे बोलत होते ते पुढे बोलायला लागले. तीन-चार सेकंद सगळं अवघडलं. अवघडू दिलं. त्या तीन-चार सेकंदांत आपल्यालाच काहीतरी बोलून वातावरण हलकं करावंसं वाटतं, तो मोह टाळणं हे या सगळ्यातलं माझ्यासाठी सगळ्यात कठीण काम होतं, गाडीतल्या बोलण्यापेक्षाही.

त्यानंतर दादाने चारचौघांत ते नाव काढलं नाही. आणि दोन-तीन आठवड्यांनी दुसऱ्या कुणीतरी काढलं तर तोच म्हणाला, "अरे राहू दे ते आता." याच्यासाठीच मूळ माणसाशी आधी बोलायचं. मी दहा जणांना सांगून जे झालं नसतं ते त्याच्या एका वाक्याने झालं.

वहिनींना वेगळं सांगावं लागलं नाही. त्यांची मुलगी मात्र मला 'रडूबाई आत्या' म्हणायची, तिच्यासाठी ते माझं नावच होतं, तिला त्यात चेष्टा आहे हेच माहीत नव्हतं. तिला मी म्हटलं, "मला ते नाव आवडत नाही, छोटी आत्या म्हणशील का?" ती म्हणाली "बरं" आणि दुसऱ्या मिनिटापासून म्हणायला लागली. का, कधीपासून, आधी तर हसायचीस, असं काहीच नाही. मोठ्या माणसांना जे इतकं जड जातं ते तिने इतक्या सहज केलं की मला तिला उचलूनच घ्यावंसं वाटलं, आणि घेतलंही.

मामींना मी सांगितलेलं नाही. त्यांचं वय झालंय, नावं त्यांच्या तोंडात एकमेकांत मिसळतात, आणि मुख्य म्हणजे त्यांच्या तोंडून ते नाव अजूनही हाकच आहे, माझ्या बोलण्यावरचं उत्तर नाही. माझी वर सांगितलेली खूण मी इथे लावली आणि ठरवलं की इथे नाही अडायचं. हे तत्त्वाला धरून नाही असं माझी एक मैत्रीण म्हणते, की एकाला बंद आणि एकाला चालू असं कसं. मला ते पटत नाही. मी कुठल्याही शब्दावर बंदी घालायला निघाले नव्हते, मला माझं बोलणं मध्येच तुटणं थांबवायचं होतं, आणि ते कुणाकडून तुटतं ते मला माहीत आहे.

ऑफिसातलं वेगळं आहे हेही सांगायला हवं. माझ्या एका मैत्रिणीला तिच्या वरिष्ठांनी तिच्या उंचीवरून नाव ठेवलं होतं आणि तिथे गाडीतल्या गप्पा, बदली नाव, हे काही चालणार नव्हतं कारण समोरच्याच्या हातात तिचं प्रमोशन होतं. तिने आधी एकदा एकट्यात तोंडी सांगितलं, "सर, मीटिंगमध्ये माझं नाव घेतलंत तर बरं होईल," आणि त्याच दिवशी एक छोटी ईमेल पाठवली, की आज बोललो त्याप्रमाणे, वगैरे. तक्रारीच्या सुरात नाही, नुसती नोंद. नंतर ते थांबलं नाही तेव्हा त्या ईमेलच्या तारखेचा तिला एचआरकडे जाताना उपयोग झाला, कारण 'मला कधी सांगितलंच नाही' हे वाक्य तिथे टिकलं नाही. आणि जिथे नाव जातीवरून, शरीरावरून, आजारावरून आहे तिथे समजुतीच्या वाक्यांची इतकी तयारी करत बसायची गरज आहे असं मला वाटत नाही, तिथे पहिल्याच वेळेला सरळ नाही म्हणायचं आणि ऐकलं नाही तर वर जायचं.

आणि समजा मूळ माणूस ऐकतच नसेल तर? मी दादाच्या बाबतीत हे ठरवून ठेवलं होतं, की तीन-चारदा शांतपणे सांगून झाल्यावर मी त्या नावाला उत्तर देणं बंद करेन. रुसून नाही. हाक आलीच नाही असं समजून हातातलं काम चालू ठेवायचं, खऱ्या नावाने हाक आली की लगेच नेहमीसारखं ओ द्यायचं. हे महाग पडतं, घरात हळूहळू गैरसमज होतात, आणि जवळच्या नात्यात फार दिवस ताणता येत नाही, म्हणून ते शेवटी. माझ्यावर ती वेळ आली नाही.

आता कधीतरी नवीन कुणी घरात येतं, जुन्या मेसेजमध्ये ते नाव वाचतं आणि विचारतं, "तुला रडूबाई का म्हणायचे गं?" लगेच घरातला कुणीतरी उत्साहाने सांगायला लागतो, अरे ती ना लहानपणी. मी तिथे अडवते. ती गोष्ट मी स्वतः सांगत नाही आणि इथेही लिहिलेली नाही, कारण टोपणनाव एकवेळ मरतं पण त्याची गोष्ट फार मजेशीर असते, आणि ऐकणारा ती गोष्ट ऐकून हसला की जाताना ते नाव सोबत घेऊन जातो. मी म्हणते, "लहानपणी म्हणायचे, आता छोटी म्हणतात," आणि त्यालाच विचारते की तुला घरी काय म्हणतात. बहुतेक जण सांगतात. काही जण सांगायच्या आधी थोडं थांबतात, आणि त्यांना मी पुढे काहीच विचारत नाही.